ओटीची वीज गेली, यूपीएस बसलं, आता ॲडमिनला मेल काय लिहू?

प्रश्न: आमचं ७० बेडचं हॉस्पिटल. परवा ऑपरेशन चालू असताना लाईट गेली, जनरेटर लगेच लागला पण ओटीचं यूपीएस बसलं आणि दोन-तीन मिनिटं ओटीत गोंधळ. पेशंट ठीक आहे. आता सुपरिंटेंडेंट मॅडमनी मेंटेनन्स हेड म्हणून माझ्याकडून ईमेलवर रिपोर्ट मागितलाय. मी आयटीआय करून वर आलेला माणूस, पॅनल उघडायला सांगा, मेल लिहायला नको. काय लिहू, किती लिहू, आणि सगळं माझ्याच अंगावर तर येणार नाही ना?

उत्तर:

आधी एक विचारतो, मेल लिहायला बसण्याआधी यूपीएसच्या लॉगचे फोटो काढलेत का? नसतील तर हे वाचणं बाजूला ठेवा, खाली जाऊन फोटो काढून या. बऱ्याच यूपीएसमध्ये ठरावीकच नोंदी राहतात, नवीन आल्या की जुन्या पुसल्या जातात, आणि सर्व्हिसवाला येऊन चार वेळा चालू-बंद करून गेला की परवाची नोंद गेलीच समजा. आणि दुसरं म्हणजे जुन्या बॅटऱ्या कुणालाही उचलू देऊ नका. बॅटरीवाला नवीन सेट टाकतो आणि बायबॅकमध्ये जुना सेट त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून नेतो, मग तुमच्याकडे पुरावा म्हणून राहतं काय तर बिल.

मी या कामात बावीस वर्षं आहे, त्यातली सतरा एका ट्रस्टच्या १०० बेडच्या हॉस्पिटलात. तुमच्यासारखंच प्रकरण आमच्याकडे झालं होतं म्हणून तेच सांगतो, मी काय मेल पाठवला होता तोही देतो, त्यातलं तुम्हाला लागेल ते घ्या.

आमच्याकडे ओटी-२ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन चाललेलं. सकाळी पावणेबाराच्या आसपास बाहेरचा फीडर ट्रिप झाला, पूर्ण हॉस्पिटलची वीज गेली. डीजी आपोआप सुरू झाला, चौदा सेकंदात लोड घेतला, वॉर्ड, लिफ्ट, ओटीच्या भिंतीवरच्या ट्यूबा सगळं आलं. पण ऑपरेशनचा मोठा दिवा, कॉटरी आणि दुर्बिणीची ट्रॉली, म्हणजे कॅमेरा, स्क्रीन, लाईट सोर्स, गॅसचं मशीन, हे सगळं यूपीएसवर, आणि ते मेलेलं ते मेलेलंच. पेशंटच्या पोटात अवजारं आणि समोरचा स्क्रीन काळा. सर्जन सरांनी हात जिथे होता तिथे धरून ठेवला. भूल देणारं मशीन आणि मॉनिटर स्वतःच्या आतल्या बॅटरीवर चालत होते म्हणून श्वास, ऑक्सिजन यात खंड पडला नाही. सक्शनचा पंप डीजीवर आला आणि मधल्या चौदा सेकंदांत टाकीतला व्हॅक्यूम पुरला. हे सगळं मी नंतर एकेका माणसाला विचारून लिहून काढलं, त्या वेळी मला फक्त फोनवर ओटीच्या सिस्टरचा आवाज आला, "दादा, दिवा नाही, लवकर या."

इथेच पहिली गडबड होते, आपल्या भाषेमुळे. आपण वीज गेली तरी "लाईट गेली" म्हणतो, ऑपरेशनचा दिवा बंद पडला तरी "लाईट गेली" आणि ट्यूब उडाली तरी "लाईट गेली". आमच्या एका ट्रस्टींना फोनवर कोणीतरी सांगितलं "ओटीत चार मिनिटं लाईट नव्हती", त्यांनी समजून घेतलं चार मिनिटं मिट्ट काळोख आणि व्हेंटिलेटर बंद. संध्याकाळपर्यंत तीच गोष्ट पूर्ण हॉस्पिटलात. म्हणून मेलमध्ये "लाईट" हा शब्दच वापरू नका. वीजपुरवठा, ऑपरेशनचा दिवा, खोलीतल्या ट्यूबा, असं वेगवेगळं लिहा, आणि प्रत्येकापुढे ते किती वेळ बंद होतं आणि काय चालू राहिलं ते लिहा. काय चालू होतं हे लिहायला लोक विसरतात, पण ॲडमिनला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

आता वेळ. वेळ नीट लावल्याशिवाय कारण सापडत नाही, आणि घड्याळं कधीच जुळत नाहीत. आमच्या ओटी रजिस्टरमध्ये "११.४५" लिहिलेलं, ते भिंतीवरच्या घड्याळात बघून अंदाजे. डीजीच्या एएमएफ पॅनलमध्ये ११:४३:५०. यूपीएसच्या लॉगमध्ये हे:

```
11:35:08  MAINS FAIL
11:35:08  ON BATTERY
11:35:11  DC BUS LOW
11:35:11  OUTPUT OFF
11:35:22  MAINS OK
11:38:51  MANUAL BYPASS
```

बघितलं तर तीन ठिकाणी तीन वेळा, दहा मिनिटांचा फरक. पण घटना एकच आहे ना, बाहेरची वीज गेली तो क्षण तिन्हीकडे एकच असणार. मी काय केलं, मोबाईलचं घड्याळ प्रमाण धरलं, प्रत्येक पॅनलसमोर मोबाईल धरून दोन्ही एका फोटोत येतील असे फोटो काढले. यूपीएस ७ मिनिटं २ सेकंद मागे निघालं, एएमएफ १ मिनिट ४० सेकंद पुढे. वजाबाकी-बेरीज केली, दोन्हीकडून वीज जाण्याची वेळ ११:४२:१० आली. बरोब्बर जुळली म्हटल्यावर बाकीच्या वेळांवरही विश्वास ठेवता आला. तुम्हीही हे करा, अर्धा तास लागतो, आणि मेलला ते दोन फोटो जोडा. घड्याळं चुकीची होती हेही सरळ लिहा, नाहीतर नंतर कोणीतरी मूळ लॉग मागेल आणि म्हणेल तुम्ही वेळ बदलली.

वेळ लावली आणि मला स्वतःला धक्का बसला तो इथे. मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होतो की बॅटऱ्या गेल्या म्हणून ओटी बंद पडली. अर्धं खरं. बॅटऱ्या तीन सेकंदांत बसल्या हे बरोबर, पण डीजीची वीज चौदाव्या सेकंदाला यूपीएसच्या दारात येऊन उभी होती. त्यानंतर ३ मिनिटं २९ सेकंद यूपीएसनेच ती आत सोडली नाही! बॅटरी संपून एकदा बंद पडलं की वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की माणसाने येऊन बटण दाबायचं, याचं एक सेटिंग असतं, आमच्याकडे ते "माणूस येऊन" असं होतं, आल्या दिवसापासून तसंच, कुणी उघडून बघितलंच नव्हतं. म्हणजे यूपीएस नसतं तर ओटी चौदा सेकंद बंद राहिली असती, यूपीएस होतं म्हणून पावणेचार मिनिटं.

तुमच्या केसमध्ये "दोन-तीन मिनिटं" म्हणताय, जनरेटर लगेच लागला म्हणताय, त्यामुळे मला दाट शंका आहे की तुमचंही हेच आहे. लॉगमध्ये पुरवठा परत आल्याची नोंद आणि आउटपुट सुरू झाल्याची नोंद यात किती अंतर आहे ते बघा. काही सेकंदांचं असेल तर दोष फक्त बॅटरीचा, मिनिटांचं असेल तर दोन वेगळे दोष आहेत आणि मेलमध्ये ते वेगळेच लिहायचे, कारण बॅटऱ्या बदलून दुसरा दोष जात नाही.

बॅटरीचं कसं शोधलं तेही सांगतो, कारण तुम्हाला मॅडम हाच प्रश्न विचारणार, "दर महिन्याला चेक करता ना, मग कळलं कसं नाही?" आमचं यूपीएस १० केव्हीएचं, त्याला १२ व्होल्टच्या १६ बॅटऱ्या एकामागे एक सिरीजमध्ये. दर महिन्याला पोरगा मल्टिमीटर लावून एकेकीचं व्होल्टेज लिहायचा, साडेतेरा, साडेतेरा, तेरा पॉइंट चार, सगळ्या ओके, खाली माझी सही. घटनेनंतर संध्याकाळी ओटी मोकळी झाल्यावर मी स्वतः मीटर लावला, अकरा नंबरच्या बॅटरीवर १३.५. एकदम निरोगी! मग लोडवाला बॅटरी टेस्टर लावला तर तीच अकरा नंबर दोन सेकंदांत १३ वरून ३ च्या खाली, आणि चार नंबर ९ वर. बाकीच्या चौदा १२ च्या वर टिकल्या. म्हणजे चार्जिंग चालू असताना दिसतं ते चार्जरचं व्होल्टेज असतं, बॅटरीचा दम नसतो. नुसत्या चार्जिंगवर बॅटरीतून करंट जातो नाममात्र, आणि वीज गेली की आमच्या साडेचार किलोवॅटच्या लोडला एकदम २५ अँपिअर लागतात, तेव्हा आतला गंजलेला जोड तुटतो. आणि सिरीज म्हणजे जुन्या दिवाळीच्या माळेसारखं, एक बल्ब गेला की पूर्ण माळ बंद. यूपीएसच्या डिस्प्लेवर १०० टक्के दिसतं तेही याच व्होल्टेजवरून काढलेलं, त्याच्यावर जाऊ नका.

बॅटऱ्या पावणेपाच वर्षांच्या होत्या आणि यूपीएसच्या खोलीचा एसी बिघडून दुरुस्तीच्या यादीत पडून होता, खोलीत ३६ डिग्री. या सीलबंद बॅटऱ्या २५ डिग्रीला धरून बनवलेल्या असतात, त्यावर साधारण दहा डिग्री वाढले की आयुष्य निम्मं होतं. एसी ओटीचा बिघडला तर तासात माणूस येतो, यूपीएसच्या खोलीचा बिघडला तर पुढच्या महिन्यात बघू, सगळीकडे हेच.

आता मेल. एक नाही, दोन पाठवायचे. पहिला घटनेच्या दिवशीच, पाच-सहा ओळींचा, त्यात कारण लिहायचंच नाही कारण तुम्हाला ते माहीतच नसतं. तुमचा तो राहिला असेल तर आज आत्ता पाठवा. माझा असा होता:

> आदरणीय मॅडम,
> आज सकाळी ११:४२ च्या सुमारास बाहेरचा वीजपुरवठा गेला. जनरेटरने लोड घेतला, पण ओटी-२ चे यूपीएस बंद पडल्यामुळे ऑपरेशनचा दिवा, कॉटरी आणि दुर्बिणीची ट्रॉली सुमारे चार मिनिटे बंद होती. भूल देणारे मशीन आणि मॉनिटर चालू होते. पेशंटबद्दल सर्जन व भूलतज्ज्ञ आपल्याला स्वतंत्र कळवतील.
> ओटी-२ सध्या यूपीएसला वगळून थेट लाइनवर आहे. म्हणजे पुन्हा पुरवठा गेला तर जनरेटर येईपर्यंत तिथे यूपीएसवरचे काहीही चालणार नाही. त्यामुळे यूपीएस दुरुस्त होईपर्यंत ओटी-२ मध्ये नवीन केस घेऊ नये अशी विनंती आहे. कारण तपासून परवा संध्याकाळपर्यंत सविस्तर कळवतो.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "सध्या थेट लाइनवर आहे" हे. आपण बायपासवर टाकलं, दिवा लागला, सगळे खूश, आणि वरच्यांना वाटतं दुरुस्त झालं. दुसऱ्या दिवशी लिस्ट लागते. बायपासवर दिवा लागतो पण पाठीशी काही नसतं, हे लेखी गेलं पाहिजे आणि त्याच दिवशी गेलं पाहिजे.

पेशंटबद्दल आपण एक अक्षर लिहायचं नाही. "पेशंटला काही त्रास झाला नाही" हे वाक्य लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण ते सांगायचा अधिकार डॉक्टरांचा. पेशंटचं नाव, नोंदणी नंबर, आजार काही नको, ओटी नंबर आणि वेळ पुरे. आणि हा मेल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका हो, कृपा करून.

दुसरा मेल असा होता. तारखा, नंबर काढून देतोय:

> विषय: ओटी-२ वीजपुरवठा खंडित होण्याची कारणे, सध्याची स्थिती आणि आपल्याकडून हवे असलेले तीन निर्णय
>
> आदरणीय मॅडम,
>
> ओटी-२ मध्ये ऑपरेशन चालू असताना यूपीएसवरील उपकरणे ३ मिनिटे ४० सेकंद बंद होती. त्यातले पहिले ११ सेकंद बॅटरी निकामी झाल्यामुळे आणि उरलेली ३ मिनिटे २९ सेकंद जनरेटरची वीज उपलब्ध असूनही यूपीएस आपोआप सुरू न झाल्यामुळे.
>
> ११:४२:१० ला बाहेरचा पुरवठा गेला. ११:४२:१३ ला यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या आणि आउटपुट बंद झाले. ११:४२:२४ ला जनरेटरने लोड घेतला, ओटीतल्या ट्यूबा, एसी आणि सक्शन पंप सुरू झाले. ११:४५:५३ ला आमच्या टेक्निशियनने यूपीएस बायपासवर टाकले आणि ऑपरेशनचा दिवा व ट्रॉली सुरू झाली. यूपीएस आणि जनरेटर पॅनलची घड्याळे चुकीची होती, फरक मोजून वरील वेळा काढल्या आहेत, फोटो सोबत आहेत.
>
> जनरेटर १४ सेकंदांत आला, त्यात दोष नाही. बाहेरचा पुरवठा जाणे आपल्या हातात नाही आणि तो पुन्हा जाणार आहे. दोष आपल्या यूपीएस व्यवस्थेत आहे आणि तो दोन ठिकाणी आहे. एक, १६ पैकी ११ नंबरची बॅटरी लोड येताच पूर्ण बसते आणि ४ नंबरची कमजोर आहे. दोन, पुरवठा परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचे सेटिंग बंद होते.
>
> आपली मासिक तपासणी फक्त चार्जिंग चालू असताना व्होल्टेज मोजण्याची होती. या पद्धतीत असा दोष दिसत नाही. त्या तपासणीच्या फॉर्मवर माझी सही आहे. यूपीएसच्या खोलीचा एसी बंद असल्याने तिथले तापमान ३६ डिग्री होते, तेही बॅटऱ्या लवकर खराब होण्याचे एक कारण आहे.
>
> झालेली कामे: आपोआप सुरू होण्याचे सेटिंग चालू केले आणि तपासले. ओटी-१ चे यूपीएस लोडवर १५ मिनिटे चालवून पाहिले, टिकले, पण त्यातही एक बॅटरी इतरांपेक्षा कमजोर आहे. दोन्ही खराब बॅटऱ्या लेबल लावून स्टोअरमध्ये ठेवल्या आहेत.
>
> आपल्याकडून हवे असलेले निर्णय: (१) ओटी-२ च्या सर्व १६ बॅटऱ्या बदलण्यास मंजुरी, कोटेशन सोबत आहे. फक्त दोन बदलल्यास जुन्या-नव्या एकत्र येऊन नव्याही लवकर खराब होतील. (२) नव्या बॅटऱ्या बसवेपर्यंत ओटी-२ मधील ठरवून केलेली ऑपरेशने ओटी-१ मध्ये हलवणे. (३) दर महिन्यात एकदा, लिस्ट संपल्यावर, ओटी एक तास लोड टेस्टसाठी मिळावी.
>
> नव्या बॅटऱ्या ऑर्डर दिल्यापासून चार दिवसांत बसवून होतील. बसवल्यावर प्रत्यक्ष पुरवठा तोडून चाचणी घेऊ, त्या वेळी भूलतज्ज्ञ किंवा ओटी इन्चार्ज सिस्टर हजर असाव्यात.

एवढंच. एका पानात बसतं. टेक्निकल रीडिंगचा कागद वेगळा जोडला, ज्याला बघायचा तो बघेल. पहिल्या दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलंय ते मुद्दाम, कारण वरचा माणूस मोबाईलवर तेवढंच वाचतो आणि ट्रस्टींना तेवढंच फॉरवर्ड करतो.

मला त्या वेळी ऑफिसमधून हळूच सुचवलं होतं की "वीज कंपनीकडून बिघाड" असं लिहा, म्हणजे विषय संपला. लिहू नका. एकतर ओटीची सगळी रचनाच या गृहीतावर असते की बाहेरची वीज कधीही जाईल. आंतरराष्ट्रीय नियम, आयईसीचा ६०३६४-७-७१० म्हणून जो भाग आहे, त्यात ऑपरेशनच्या दिव्याला अर्ध्या सेकंदाच्या आत पर्यायी पुरवठा मिळाला पाहिजे असं आहे आणि बाकीच्या बऱ्याच गोष्टींना १५ सेकंदांची मुभा आहे. म्हणजे डीजी कितीही झटपट असला तरी दिव्यासाठी पुरणारच नाही, मध्ये बॅटरी हवीच. दुसरं, वीज कंपनीवर ढकललं की बॅटऱ्यांचे पैसे कशासाठी मागणार? कारण चुकीचं लिहिलं तर उपायही मंजूर होत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, अंगावर येईल का. थोडं येतं, खोटं कशाला सांगू. त्या चेकलिस्टवर माझी सही होती आणि मी ते लिहिलं, मीटिंगमध्ये त्यावरून ऐकूनही घेतलं. पण नीट बघा मी काय लिहिलंय, "तपासणीची पद्धत अशी होती, त्यात हे दिसत नाही, माझी सही आहे". "माझी चूक झाली, माफ करा" असं नाही, आणि "पोरग्याने नीट चेक केलं नाही" असंही नाही. पोरग्याने जे सांगितलं ते बरोबर केलं होतं, मीटरवर १३.५ होतं तेच त्याने लिहिलं. हाताखालच्याचं नाव मेलमध्ये घातलंत तर पुढच्या वेळी तो तुम्हाला खरं रीडिंग देणार नाही. आणि जुनी पत्रं काढा. एसी दुरुस्तीसाठी तुम्ही कधी लिहिलं होतं, बॅटरी बदलायचा प्रस्ताव दिला होता का? दिला असेल तर तारीख टाकून एका ओळीत उल्लेख करा, जोडा, त्यावर टोमणा मारू नका. दिला नसेल तर गप्प बसा, मागची तारीख टाकून पत्र तयार करण्याच्या भानगडीत पडू नका, स्टोअरच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये ते लगेच उघडं पडतं.

लोड टेस्टबद्दल थोडं, कारण मंजुरी मिळाली की तुम्हाला ती करावी लागेल. ओटी रिकामी, पण दिवा आणि ट्रॉली चालू ठेवायची म्हणजे खरा लोड येतो. यूपीएसचा इनपुट एमसीबी पाडायचा आणि १५ मिनिटं बॅटरीवर ठेवायचं. सुरुवातीला, पाचव्या मिनिटाला, पंधराव्याला प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज लिहायचं. आकडा किती आहे त्यापेक्षा कोण इतरांपासून वेगळी पडतेय ते बघा, पंधरा जणी १२.१ वर आणि एक ११.२ वर असेल तर ती एक तुमची पुढची अकरा नंबर. मग एमसीबी वर करून यूपीएस आपलं आपण लाइनवर येतं का बघा. वर्षातून दोनदा बॅटरी मुद्दाम पूर्ण उतरवून, बंद पडू देऊन, मग वीज देऊन स्वतः उठतं का हेही बघायचं, आमचा दुसरा दोष फक्त याच चाचणीत सापडला असता. हे शनिवारी संध्याकाळी करा म्हणजे रात्रभर चार्ज व्हायला वेळ मिळतो, आणि तोपर्यंत दुसरी ओटी मोकळी ठेवायला सांगा. डीजीचंही तसंच, नुसता रिकामा दहा मिनिटं चालवून रजिस्टर भरणं म्हणजे गाडी स्टँडवर लावून रेस करणं, मेन ब्रेकर पाडून लोडसकट घेतल्याशिवाय चेंजओव्हर अडकतोय का ते कळत नाही. एनएबीएचचे लोक आले की जनरेटर टेस्टिंगचं रेकॉर्ड मागतात, त्यांना रजिस्टर भरलेलं दिसतं, पण त्यात "लोडसह" की "विनालोड" असा रकाना तुम्ही स्वतःच वाढवून घ्या.

आमच्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या मंजूर केल्या, ओटी-१ ला लिस्ट हलवली, लोड टेस्टला मात्र महिन्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा म्हणाल्या, ते नंतर भांडून महिन्यावर आणलं. पण मेलच्या उत्तरात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: "टेक्निशियनला खोलीपर्यंत पोचायला साडेतीन मिनिटं का लागली?"

ते मी लिहिलंच नव्हतं. यूपीएसची खोली ओटीच्या खाली, जिना उतरला की समोर, वीस सेकंद. किल्ली गेटवरच्या सिक्युरिटीकडे. आमचा माणूस आधी खोलीकडे धावला, मग गेटकडे, मग परत. तिसरा मेल लिहावा लागला, दोन ओळींचा. आता एक किल्ली ओटीच्या दारात काचेच्या पेटीत आहे, आणि यूपीएसच्या दारावर आतून बायपासच्या चार पायऱ्या मोठ्या अक्षरात चिकटवल्यात, इन्व्हर्टर बंद आहे हे आधी बघायचं ही पहिली, कारण चालू इन्व्हर्टरवर बायपासचा खटका फिरवला तर यूपीएसच उडू शकतं. तुमची किल्ली कुठे असते ते मेल पाठवायच्या आधी बघून घ्या.